वकिलांच्या ऑफिसचं ‘आमच्याविषयी’ पेज : काय लिहायचं, काय अजिबात लिहायचं नाही



‘आमच्याविषयी’ पेज कसं लिहायचं यावर आपण व्हिडिओ केला, तेव्हा मी सांगितलं होतं की तुमची गोष्ट सांगा, किती ग्राहक झाले तो आकडा टाका, चार ग्राहकांचे अभिप्राय लावा. माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला हे चालतं. केकवाल्या ताईंना चालतं, एसी रिपेअरिंगवाल्यालाही चालतं. वकिलांना मात्र यातलं एकही चालत नाही. आज फक्त त्याबद्दल बोलू. तुम्ही स्वतः वकील असाल तरी हे वाचा, आणि वेबसाइट बनवून देण्याचा धंदा करत असाल तर नक्की वाचा. कारण मजकूर तुम्ही लिहिता, पण नोटीस वकिलाला येते.

विषय निघाला तो असा. आमच्या बॅचमधल्या एका मुलीला टिटवाळ्यातल्या एका वकील मॅडमच्या वेबसाइटचं काम मिळालं. ऑफिस छोटंच आहे. मॅडम स्वतः, एक ज्युनियर वकील, लॉ कॉलेजला जाणारा एक मुलगा आणि कोर्टाची कागदपत्रं सांभाळणारे क्लार्क काका. मॅडम सकाळी कल्याण कोर्टात आणि संध्याकाळी टिटवाळ्यात. येणारी कामं बहुतेक फ्लॅटच्या खरेदीची, जमिनीच्या वाटणीची, सोसायटीच्या भांडणांची. त्या मुलीने पहिला मसुदा मला दाखवला. तो साधारण असा होता :

“२० वर्षांचा दांडगा अनुभव. शेकडो केसेस यशस्वी. कल्याण-टिटवाळा परिसरातले प्रॉपर्टीचे नंबर वन तज्ज्ञ. अनुभवी वकिलांची भक्कम टीम. पहिला सल्ला मोफत. आजच फोन करा!”

दुकानदार म्हणून वाचलं तर मसुदा वाईट नाही. पण वकिलाच्या पेजवर यातल्या प्रत्येक वाक्याने अडचण होऊ शकते.

नियम काय आहे

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमध्ये ३६ क्रमांकाचा नियम आहे. त्याचा अर्थ असा की वकिलाने काम मिळवण्यासाठी सरळ किंवा आडून जाहिरात करायची नाही. पत्रकं वाटायची नाहीत, दलाल लावायचे नाहीत, आपण चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात वर्तमानपत्रात फोटो छापून आणायचे नाहीत. ऑफिसची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. पाटीवर किंवा लेटरहेडवर ‘अमुक कामाचे तज्ज्ञ’ असं लिहायचं नाही. बार असोसिएशनचे माजी अध्यक्ष, माजी न्यायाधीश, अमुक संस्थेचे सल्लागार, हेही नाही.

हे इतकं कडक का, असा प्रश्न आपल्याला पडणारच. त्याचं एक उत्तर आपल्या मुंबईतच सापडतं. काही वकील मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दाराशी उभे राहायचे. पक्षकार येताना दिसला की त्याच्याकडे धावायचे, अक्षरशः ओढाताण करायचे आणि फी पाडून केस आपल्याकडे घ्यायचे. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांच्यावर कारवाई केली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर’ हे १९७५ सालचं प्रकरण वकिलीच्या शिस्तीबद्दल आजही सांगितलं जातं. कोर्टाची भूमिका अशी होती की वकिली हा बाजार नाही आणि गिऱ्हाईक ओढणं या पेशात बसत नाही. कोर्टाच्या दारातली ती ओढाताण आणि वेबसाइटवरचं ‘आजच फोन करा!’ या दोन्हींकडे नियम एकाच नजरेने बघतो.

वेबसाइट आल्या तेव्हा हाच नियम पुन्हा वादात आला. प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं, आणि २००८ मध्ये बार कौन्सिलने नियमात एक सूट जोडली. वकिलाला वेबसाइटवर माहिती देता येते, पण ठरलेल्या यादीतलीच, आणि ती बार कौन्सिल ऑफ इंडियाला कळवून, त्यांच्या मान्यतेने. यादी छोटी आहे. नाव. पत्ता, फोन, ईमेल. नावनोंदणीचा क्रमांक आणि तारीख, मुळात कोणत्या राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नोंदणी झाली, आता नाव कुठल्या यादीवर आहे, कोणत्या बार असोसिएशनचे सभासद आहात. शिक्षण. कोणत्या प्रकारची कामं करता. शेवटी, दिलेली माहिती खरी आहे अशी नावानिशी आणि सहीनिशी घोषणा. बस.

या यादीबाहेरची जास्तीची माहिती टाकली तर तो नियमभंग धरला जातो, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्यात ताकदीपासून नव्हे, ताकीदीपासून सुरुवात होते. पुढे काही काळ सनद निलंबित होऊ शकते आणि शेवटी वकिलांच्या यादीतून नावही काढलं जाऊ शकतं. केकवाल्या ताईंची जाहिरात फसली तर चार केक कमी जातील. इथे रोजीरोटीचा परवाना पणाला लागलेला असतो.

‘पण सगळेच टाकतात की!’ हे वाक्य मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं. टाकतात, खरं आहे. पण जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्याचे निर्देश दिले, आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सोशल मीडियावरच्या जाहिरातबाजीबद्दल पुन्हा इशारा दिला. त्यामुळे दुसऱ्याची वेबसाइट बघून कॉपी करणं हा या धंद्यात सगळ्यात धोक्याचा शॉर्टकट आहे.

मग विश्वास कशाने बसणार?

आता मुद्द्यावर येऊ. ही यादी पहिल्यांदा वाचली की ते रेशनकार्डाच्या फॉर्मसारखं वाटतं. त्यात विश्वास कुठून आणायचा?

जरा पक्षकाराच्या जागी बसा. टिटवाळ्यात एखाद्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट बघितलाय. कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण त्यांनी बातम्यांमध्ये पाहिलंय. ते घाबरलेले आहेत. कागद तपासायला वकील हवाय, आणि नेमकं याच वेळी ‘नंबर वन’, ‘शंभर टक्के क्लिअर टायटल’ असे शब्द बघून त्यांना धडकीच भरते, कारण बिल्डरच्या होर्डिंगवरही हेच शब्द होते.

त्यांच्या मनात तीन साधे प्रश्न असतात. हा माणूस खरंच वकील आहे का? माझं काम प्रत्यक्ष कोण करणार? आणि उद्या काही झालं तर हा सापडणार कुठे? बार कौन्सिलची यादी नेमकी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, आणि सगळी उत्तरं बाहेरच्या माणसाला तपासता येतील अशी आहेत. ‘दांडगा अनुभव’ कुणी तपासू शकत नाही. नोंदणी क्रमांक बार कौन्सिलकडे विचारता येतो. ‘२० वर्षांचा अनुभव’ यापेक्षा नोंदणीची तारीख जास्त बोलते, कारण हिशेब वाचणारा स्वतः करतो आणि स्वतः केलेल्या हिशेबावर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

म्हणून माझी चाळणी दोन जाळ्यांची आहे. प्रत्येक वाक्याला आधी विचारायचं : हे यादीत बसतं का? मग विचारायचं : हे तिसऱ्या माणसाला कागदावर तपासता येईल का? दोन्हीला ‘हो’ आलं तरच वाक्य ठेवायचं.

मॅडमचं प्रोफाइल पुन्हा लिहिताना

त्या मुलीचा मसुदा आम्ही या चाळणीतून घातला. ‘शेकडो केसेस यशस्वी’ यादीत नाही, उडालं. ‘पहिला सल्ला मोफत’ म्हणजे सरळ गिऱ्हाईक बोलावणं, तेही उडालं. ‘नंबर वन तज्ज्ञ’ तर दोनदा उडालं पाहिजे, कारण एक तर ती बढाई आहे आणि वर ‘तज्ज्ञ’ या शब्दालाच मनाई आहे. उरलं काय, तर मॅडमचं नाव! मग यादी समोर ठेवून नव्याने लिहिलं. नाव-नंबरच्या जागा मी इथे मोकळ्या ठेवतो :

“ॲड. ________, बी.कॉम., एलएल.बी.
नावनोंदणी क्रमांक MAH/____/____, दिनांक ________
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा येथे नोंदणी. सध्या त्याच यादीवर.
सभासद : ________ (वकील संघटनेचं पूर्ण नाव)
कामाची क्षेत्रं : दिवाणी – जमीन व सदनिकांचे व्यवहार, सहकारी गृहनिर्माण संस्थांची प्रकरणं.
ऑफिस : ________, टिटवाळा (पूर्व), ता. कल्याण, जि. ठाणे. फोन ________, ईमेल ________”

यातल्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिली, कामाची क्षेत्रं. नियमात नमुन्यादाखल दिवाणी, फौजदारी, कर, कामगार अशी क्षेत्रं दिलेली आहेत. पहिल्या मसुद्यात या ओळीवर अकरा क्षेत्रं होती. घटस्फोट, चेक बाउन्स, जीएसटी, ट्रेडमार्क, सगळंच. मॅडमना मी एवढंच विचारलं की मागच्या वर्षी तुमच्या टेबलावर खरंच कोणत्या फाइली होत्या? त्या म्हणाल्या, जमीन, फ्लॅट आणि सोसायटी, अधूनमधून एखादी ग्राहक तक्रार. मग तेवढंच लिहायचं. अकरा क्षेत्रं बघून पक्षकाराला वाटतं की हे सगळंच थोडं थोडं करतात. दोन बघितली की त्याला कळतं, आपलं काम इथलं आहे की नाही. लक्षात ठेवा, ‘ही कामं करतो’ असं लिहिणं आणि ‘यात तज्ज्ञ आहोत’ असं म्हणणं यात फरक आहे. पहिलं यादीत आहे, दुसरं बंदीत. ‘फक्त प्रॉपर्टी’, ‘खास सोसायटीसाठी’ असे शब्दही हळूच तज्ज्ञपणाकडे सरकतात, तेही नको.

दुसरी ओळ पत्त्याची. नुसतं ‘टिटवाळा’ लिहून भागत नाही. पूर्व की पश्चिम, इमारतीचं नाव, मजला, गाळा नंबर हे सगळं द्या. फोनही असा द्या की तो ऑफिसमध्येच वाजेल. कागदाच्या भानगडीत सापडलेल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती वकील गायब होण्याची. पूर्ण पत्ता ती भीती कमी करतो, आणि त्यासाठी एकही विशेषण लागत नाही.

फोटोचं काय? यादीत फोटो नाही. त्यामुळे मी सांगतो की टाकू नका. पुस्तकांच्या कपाटासमोर हाताची घडी घालून काढलेला फोटो तर नकोच, आणि कोर्टाबाहेर पक्षकारासोबत पेढे खाताना काढलेला तर मुळीच नको. ऑफिसच्या वेळा आणि फीसुद्धा यादीत नाहीत. वेळा दारावर लावा. फी समोर बसलेल्या पक्षकाराला कागदावर लिहून द्या आणि पैसे घेतल्यावर पावती द्या. विश्वासाचं बरंच काम तिथे होतं, आणि ते वेबसाइटवर आणायची गरज नाही.

टीमचं पेज : कोण वकील, कोण नाही

छोट्या ऑफिसची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. चार माणसांची ‘भक्कम टीम’ दाखवायच्या नादात प्रत्येकाला मोठं पद मिळतं. त्या मसुद्यात लॉ कॉलेजचा मुलगा ‘लीगल असोसिएट’ झाला होता आणि क्लार्क काका ‘सिनियर लीगल कन्सल्टंट’!

ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे कोर्टात वकिली करायचा हक्क नोंदणी झालेल्या वकिलालाच आहे. शिवाय नियम ३७ म्हणतो की वकिलाने आपलं नाव बिनपरवाना वकिलीला आधार म्हणून वापरू द्यायचं नाही. म्हणजे काकांना ‘कन्सल्टंट’ केलं आणि त्यांनी एखाद्याला फोनवर सल्ला दिला, तर जबाबदारी येते मॅडमवर. काकांना तीस वर्षांचा अनुभव असेल, कोर्टातला प्रत्येक टेबल माहीत असेल, त्याबद्दल आदरच आहे. पण वेबसाइटची सूट वकिलांच्या माहितीसाठी आहे. म्हणून काका आणि विद्यार्थी, दोघांचीही प्रोफाइल पेजवर नको. ऑफिसमध्ये आलेल्या पक्षकाराला मॅडमनी सरळ सांगावं : “हे आमचे क्लार्क, कागदपत्रं यांच्याकडे द्या. सल्ला मात्र मी किंवा हे वकीलच देतील.”

ज्युनियर वकिलाचं प्रोफाइल येतं, आणि ते मॅडमच्याच साच्यात. त्याची नोंदणी अलीकडची आहे. ती तारीख लपवावी असं त्या मुलीला वाटत होतं. मी म्हटलं, उलट ती लिहायलाच हवी. एक तर ती यादीत आहे. दुसरं म्हणजे, मोठ्या सुनावणीला आपल्या बाजूने नवा वकील उभा बघून पक्षकार चिडतो, कारण त्याने पेजवर ‘अनुभवी टीम’ वाचलेलं असतं. दोघांच्या तारखा आधीच समोर असल्या तर तो पहिल्याच भेटीत विचारतो, “मॅडम, तुम्ही स्वतः येणार ना?” हा प्रश्न पहिल्या भेटीत आलेला बरा.

एक सूचना ज्युनियरबद्दल. आता नव्याने वकील होणाऱ्यांना ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हावी लागते, आणि मगच प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र मिळतं. तो टप्पा बाकी असेल तर प्रोफाइल टाकायची घाई करू नका. आधी सनद आणि प्रमाणपत्र हातात घ्या, आणि त्यावरचा नंबर बघून टाइप करा. व्हॉट्सॲपवर आलेला नंबर टाइप करू नका. एक आकडा चुकला आणि कुणी तपासला, तर बाकी सगळं खरं असूनही खोटं वाटतं.

‘अँड असोसिएट्स’ या शेपटाबद्दलही थोडं. एकटा वकील आणि पाटीवर ‘असोसिएट्स’ असं आपल्याकडे सर्रास दिसतं. मला ते आवडत नाही. ओळखीच्या चार वकिलांची नावं टीममध्ये टाकणं तर त्याहून वाईट. ठाण्याचं काम आलं की ज्यांच्याकडे पाठवता, ते तुमच्या ऑफिसचे नाहीत. पक्षकार त्यांना भेटायला तुमच्या दारात येणार आणि तुम्ही म्हणणार, ते इथे बसत नाहीत. तिथेच विश्वास संपला.

आपल्या भागात अजून एक प्रकार दिसतो. एकाच गाळ्यात वकिली आणि इस्टेट एजन्सी. घरातलं कुणी एजन्सी चालवतं आणि वेबसाइट एकच. वकिलाला स्वतः धंदा चालवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. म्हणून दोन्हींची माहिती एका पेजवर कधीही आणू नका. पक्षकाराच्या बाजूनेही बघा. फ्लॅट विकून देणारा आणि त्या फ्लॅटचे कागद तपासणारा एकाच घरातले आहेत, हे वाचून कोण निश्चिंत होईल?

न दिसणाऱ्या जागा

हा भाग वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. मजकूर साफ केला, पण टेम्पलेट तसाच राहिला तर उपयोग नाही. तयार टेम्पलेटमध्ये अभिप्रायांची पट्टी, पाच तारे, ‘५००+ आनंदी ग्राहक’ असा पळता आकडा आणि कोपऱ्यात उड्या मारणारं चॅटचं बटण असतं. नुसतं झाकून ठेवू नका, काढून टाका. मोबाइलवर कधीकधी झाकलेला भाग परत दिसतो.

आणि गुगलमध्ये दिसणारी ओळ! त्या मुलीच्या पेजवर सगळं नीट झालं होतं, पण पेजच्या वर्णनात अजून ‘टिटवाळ्यातील सर्वोत्तम वकील’ लिहिलेलं होतं. पेजवर ते दिसत नाही, पण सर्चमध्ये जगाला दिसतं. ते असं बदललं :

```html
<title>ॲड. ________, टिटवाळा</title>
<meta name="description" content="ॲड. ________ यांचा पत्ता, नोंदणी तपशील व कामाची क्षेत्रं.">
```

फोटोच्या फाइलचं नाव, फोटोमागची पर्यायी ओळ, शेअर केल्यावर दिसणारं शीर्षक, हेही एकदा उघडून बघा. सोपी युक्ती म्हणजे पेजची लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवायची. जे दिसेल ते वाचायचं.

शेवटी घोषणा. “वर दिलेली माहिती खरी आहे असे मी जाहीर करते”, खाली नाव आणि सही. ज्युनियरची त्याच्या प्रोफाइलखाली वेगळी, कारण प्रत्येक जण स्वतःच्या माहितीला जबाबदार. हा मसुदा मॅडमनी आधी स्वतः सनदेशी ताडून बघितला. बार कौन्सिल ऑफ इंडियाला माहिती कळवण्याचं पत्र वकिलानेच पाठवायचं असतं, ते वेबसाइटवाल्याचं काम नाही. तोपर्यंत पेज सुरू करू नका, पासवर्ड लावून ठेवा. त्या मुलीने आपल्या कोटेशनमध्ये आता एक ओळ वाढवली आहे : मजकुराला वकिलाची लेखी मंजुरी मिळाल्यावरच पेज सुरू होईल.

आणि ज्युनियर ऑफिस सोडून गेला तर त्याचं प्रोफाइल त्याच आठवड्यात उतरवायचं. त्यासाठी वेबसाइटचा लॉगिन मॅडमच्या ईमेलवर हवा, बनवणाऱ्याच्या नाही. पत्ता बदलला, संघटनेचं सभासदत्व बदललं, तरी तेच. बदल केला की घोषणेखालची तारीखही बदलायची.